लव्हेंडर बारचं लाँच कॅप्शन, फोटो खाली वर्णन केलाय, मोकळेपणाने झोडा

सूरसागर_काठची (बडोदा):
नमस्कार मंडळी, घरी साबण करते हे इथल्या बऱ्याच जणांना माहितीये, लायसन्स गेल्या वर्षी मिळालं तेव्हा पेढ्यांचा धागा काढला होता. आत्तापर्यंत कडुनिंब, हळद-चंदन आणि कॉफी असे तीनच होते, आता पहिल्यांदा लव्हेंडर येतोय. येत्या रविवारी इन्स्टावर टाकायचाय. फ्लॅट ले फोटो काढलाय म्हणजे सरळ वरून, पांढरं मलमलचं कापड, मधोमध तीन वड्या एकावर एक सरकवून, वड्यांवर लव्हेंडरच्या सुक्या कळ्या दाबलेल्या, उजवीकडे सुक्या काड्यांची जुडी आणि डाव्या कोपऱ्यात आईची पितळी वाटी दुधाने भरलेली कारण पांढरं काँट्रास्ट छान दिसतं. फोटोवर सगळे फिदा आहेत पण कॅप्शन जमत नाहीये. हे लिहिलंय:

«जांभळ्या स्वप्नांच्या दुनियेत तुमचं स्वागत आहे! काश्मीरच्या खोऱ्यातून थेट तुमच्या बाथरूमपर्यंत. आमचा नवा लव्हेंडर बार, १००% नॅचरल, केमिकल फ्री. दिवसभराचा ताण घालवा, रात्री गाढ झोपा, एक्झिमा आणि कोरड्या त्वचेवर रामबाण. एकदा वापराल तर प्रेमात पडाल! १०० ग्रॅम. ऑर्डरसाठी मेसेज करा.»

शेवटी हॅशटॅग. कुठे कमी पडतंय?

ओळ_न_ओळ:
कॉपी लिहिणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फोनवर आधी जेमतेम दीड-दोन ओळीच दिसतात, पुढचं 'आणखी' दाबल्यावर, आणि तुम्ही तेवढी जागा 'जांभळ्या स्वप्नांच्या दुनियेत तुमचं स्वागत'वर घालवलीत. त्या ओळीतलं साबण काढून अगरबत्ती, बेडशीट, आईसक्रीम काहीही घाला, चालतंय. दुसरं म्हणजे फोटोत जांभळं दिसतंयच की, मग शब्दात परत जांभळं कशाला. फोटोतून वास येत नाही, हातात धरल्यावर कसं वाटतं ते कळत नाही, कॅप्शनने ते सांगायचं. बाकी झोपेची ओळ ठेवा, लव्हेंडर म्हटलं की लोकांना झोपच आठवते. केमिकल फ्रीपण ठेवा, साबण करायला लागणारा कॉस्टिक सोडा शेवटी उरत नाही ना साबणात, मग खोटं कुठे आहे.

रावपुऱ्यातले_काका:
अहो लव्हेंडर कशाला, आपल्याकडे वाळा आहे, गुलाब आहे, मोगरा आहे. परदेशी फुलाचं कौतुक फार झालं. आमच्या मातोश्री शिकेकाई आणि संत्र्याच्या सालींचं उटणं करत, गल्लीभर वास. विकायचंच असेल तर दिवाळीआधी मांडवीत टेबल लावा, इन्स्टावर कोण साबण घेतो.

सूरसागर_काठची:
काका टेबलाचं नंतर बघू, मी कॅप्शनबद्दल विचारतेय 🙂

कढई_आणि_क्षार (इंदूर):
नऊ वर्षं कोल्ड प्रोसेसने, म्हणजे न शिजवता, साबण करतेय, म्हणून कॅप्शनच्या आधी तुला तीन प्रश्न, कारण मला वाटतं घोळ शब्दांत कमी आणि फोटोत जास्त आहे. एक, फोटो काढला तेव्हा वड्या किती दिवसांच्या होत्या. दोन, रंग कशाचा आहे. तीन, तेलाच्या बाटलीवर नेमकं काय छापलंय, नुसतं लव्हेंडर की पुढे काही आकडे आहेत?

सूरसागर_काठची:
ताई वड्या चौथ्या दिवशीच्या, म्हणजे कापल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. रंग रतनजोतीचा, खांडेराव मार्केटमधून मुळी आणून एरंडेल आणि राइस ब्रानमध्ये तीन आठवडे भिजवली होती, तेल आधी लाल झालं आणि कॉस्टिकचं पाणी पडताच निळं-जांभळं, तो क्षण काय भारी होता. बाटली बघितली, 'लव्हेंडर ४०/४२' लिहिलंय. एक किलो तेलांना २८ ग्रॅम घातलं. आज वड्यांना पाच आठवडे झाले.

कढई_आणि_क्षार:
बरं. आता एक काम कर, रॅकवरची आजची वडी उचल आणि चौथ्या दिवसाच्या फोटोशेजारी धर. कळ्या कशा दिसतात सांग.

सूरसागर_काठची:
अरे देवा. तपकिरी झाल्यात. आणि प्रत्येकीभोवती चहा सांडल्यासारखी पिवळट कडा आलीय. मी रोज बघत होते म्हणून लक्षातच नाही आलं. रंगपण उतरलाय, फोटोत जांभळा आहे आणि हा राखाडीकडे झुकलेला.

कढई_आणि_क्षार:
हेच विचारायचं होतं. लव्हेंडरची कळी ताज्या साबणावर टिकत नाही, ओल आणि क्षार दोन्ही मिळून ती करपते, आठ-दहा दिवसांत सुरुवात होते आणि कडेला तो डाग पडतो. परदेशातल्या साबणवाल्या बायका त्याला उंदराच्या लेंड्या म्हणतात, आणि खोटं नाही, अगदी तशाच दिसतात. झेंडूच्या पाकळ्या पिवळ्या राहतात म्हणून लोकांना वाटतं सगळीच फुलं राहतील. तर आता तुझं चित्र असं आहे की फोटोत चौथा दिवस आहे आणि घरी जाणार पाचवा आठवडा. कॅप्शन कितीही सुंदर लिही, पार्सल उघडल्यावर पहिला मेसेज 'ताई यात काहीतरी काळं आहे' असाच येणार. पाच वर्षांपूर्वी मला असे सहा मेसेज आले होते, एकीने तर वडीचा फोटो नवऱ्याच्या डॉक्टर मित्राला पाठवला होता.

हा साबण खराब नाहीये हं, अंगाला लावायला काही अडचण नाही. फक्त फोटो क्युअर झालेल्या, म्हणजे वाळून तयार झालेल्या वडीचाच काढ, जी जाणार आहे तीच.

फोटोवाला_ग्वाल्हेर:
रंगाबद्दल थोडं माझंपण ऐका. जांभळा फोनच्या कॅमेऱ्याला नीट झेपत नाही, एकतर निळा करतो नाहीतर गुलाबी, आणि खिडकीच्या उजेडात वर ट्यूबलाइट चालू असली की अजूनच वाट लागते. सगळे दिवे बंद करा, खिडकी एका बाजूला, समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा करा म्हणजे सावली मऊ होईल. एडिट करताना वडी हातात धरूनच स्क्रीनकडे बघा आणि मलमल पांढरी दिसेपर्यंतच रंग हलवा, त्यापुढे नाही. सॅच्युरेशनला हात लावू नका. राखाडी असेल तर राखाडी दिसू दे.

आणि एक, रतनजोत लिहिताना जपून, आमच्याकडे हिंदीत जट्रोफालापण रतनजोत म्हणतात, ज्याच्या बिया विषारी असतात तोच. माझ्या मावशीने यावरून एका दुकानदाराशी अर्धा तास वाद घातला होता. मुळी म्हणा म्हणजे गोंधळ नाही.

सूरसागर_काठची:
हे माहीतच नव्हतं! बरोबर, मी आणली ती तडक्यात घालतात तीच मुळी, रोगन जोशचा रंग जिच्यामुळे येतो ती.

ठाण्याची_माहेरवाशीण:
मी दरवर्षी राख्या करते त्याच्या फोटोखाली फक्त किंमत आणि पिनकोड लिहिते, लोक घेतात. एवढं साहित्य कशाला लागतं कळत नाही. फोटो चांगला असला की झालं.

ओळ_न_ओळ:
राखी डोळ्यांनी घेतात हो. साबण न हुंगता घ्यायचा असतो, तिथे शब्द लागतात.

कढई_आणि_क्षार:
आता वाटीकडे येते. सूरसागर, साबणात दूध आहे का?

सूरसागर_काठची:
नाही, ते फक्त दिसायला.

कढई_आणि_क्षार:
मग काढ. वरून काढलेल्या फोटोत वडीशेजारी जे काही खायचं-प्यायचं ठेवशील ते लोक साहित्याची यादी म्हणून वाचतात. मी एकदा शोभेला मधाची बाटली ठेवली, दोन महिने लोक 'तो हनीवाला द्या ना' म्हणत होते. दूध ठेवलंस तर एक बाई दूध आहे म्हणून घेईल आणि दुसरी व्हीगन आहे म्हणून सोडून देईल, आणि दोघींना तू काहीच सांगितलेलं नाहीस. त्या जागी रतनजोतीच्या मुळीचे दोन-तीन तुकडे ठेव, ते खरंच आत आहे. फोटोत काय ठेवायचं आणि कॅप्शनमध्ये काय लिहायचं ही एकच यादी असू दे.

बाटलीवरचे ४०/४२ म्हणजे ते तेल ठराविक प्रमाणात जुळवलेलं आहे, दर वेळी वास सारखा यावा म्हणून. साबणाला उत्तम, मी पण तेच वापरते. पण मग 'काश्मीरच्या खोऱ्यातून थेट' हे जाऊ दे. एकतर ते तेल कुठल्या शेतातलं हे तुला सांगता येणार नाही. दुसरं, आपल्याकडे ज्या लव्हेंडरचं नाव झालंय ते डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहला येतं, म्हणजे जम्मू भागात, काश्मीर खोऱ्यात नाही. कधी तिथल्या शेतकऱ्याकडून बिलावर तेल घेतलंस तर नक्की लिही, तेव्हा ती ओळ सोन्याची होईल.

एक्झिमा तर आजच खोड. साबण सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि तुझं लायसन्स त्याचंच आहे, आजार बरा होतो म्हटलं की तो औषधाचा दावा झाला. शिवाय लव्हेंडरच्या तेलातलं लिनालूल काहींच्या त्वचेला सोसत नाही, आणि एक्झिमावाल्यांची त्वचा आधीच बिथरलेली असते. म्हणजे ज्यांना तू बोलावतेयस त्यांनाच त्रास व्हायची शक्यता जास्त.

ओळ_न_ओळ:
एक्झिमा मान्य. झोपेवर मात्र मी ठाम आहे, सगळे मोठे ब्रँड लिहितात.

कढई_आणि_क्षार:
मिनिटभर अंगावर राहून धुऊन जाणारी गोष्ट हो ती. झोप लागली तर गरम पाण्याने लागली असेल. 'रात्रीच्या आंघोळीला छान' लिहा, ती आवड झाली. 'गाढ झोप लागते' म्हणजे हमी. केमिकल फ्रीबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे, कॉस्टिक तेलाशी मिळून संपतं, वरती पाच टक्के तेल जास्त ठेवलेलं असतं त्यामुळे मोकळं राहत नाही. पण ते संपून जे तयार होतं तेही केमिकलच, त्यालाच साबण म्हणतात. आणि कॅप्शनमध्ये केमिकल फ्री वाचून कोणी विचारलं 'कॉस्टिकशिवाय कसा केला' तर ही बिचारी काय सांगणार? त्यापेक्षा काय घातलंय ते नावानिशी सांग, विषय संपतो.

ओळ_न_ओळ:
ठीक, केमिकल फ्री सोडतो. झोप सोडत नाही 😄

सूरसागर_काठची:
मी झोपेत काय बोलू, दोन रात्री झोपले नाहीये. वजनाचं विचारायचं राहिलं, कापली तेव्हा एक वडी ११२ ग्रॅमची होती म्हणून कॅप्शनमध्ये १०० लिहिलं होतं, सेफ म्हणून.

कढई_आणि_क्षार:
आजचं वजन कर. चारपाच वड्या घे, एक नको.

सूरसागर_काठची:
१०१, ९८, ९९, ९७, १००. म्हणजे बारा-तेरा ग्रॅम पाणीच उडालं?

कढई_आणि_क्षार:
हो, आणि अजून थोडं उडेल, विशेषतः तुमच्या बडोद्याच्या उन्हाळ्यात. पाकिटावर आणि कॅप्शनमध्ये ९५ लिही. लिहिल्यापेक्षा जास्त भरलं तर कोणी भांडत नाही. पण आकडा दोन्हीकडे एकच हवा, कॅप्शनमध्ये १०० आणि लेबलवर ९५ असं झालं तर स्क्रीनशॉट येतो.

फोटोवाला_ग्वाल्हेर:
वाससुद्धा उडतो का असा?

कढई_आणि_क्षार:
उडतो. लव्हेंडर हलका वास आहे, क्युअर होताना बराच जातो. काहीजणी थोडं देवदार किंवा पचौली घालून धरून ठेवतात, मला देवदाराने फरक वाटतो, माझ्या मैत्रिणीला वाटत नाही, तो वाद आमच्यात चालूच आहे. म्हणून 'अख्खं घर दरवळेल' वगैरे नको. पाच आठवड्यांनी वडी नाकाशी धरल्यावर जे जाणवतं तेच लिही. सूरसागर, आत्ता हुंगून सांग, विचार न करता.

सूरसागर_काठची:
कोरडी वडी, मंद. थोडा औषधी वास, कापूर ठेवलेल्या कपाटातल्या साडीसारखा पण त्याहून गोड. ओली केली की जास्त येतो. हात धुतल्यावर पाच मिनिटांनी गेला.

ओळ_न_ओळ:
बघा!! हे कॅप्शन आहे. हे तुम्ही आधी का नाही लिहिलंत. 'कपाटातल्या साडीसारखा' हे कुठल्याच ब्रँडकडे नाही.

रावपुऱ्यातले_काका:
कापराचा वास असेल तर मी एक घेईन. डासांना चालतो का?

सूरसागर_काठची:
काका नाही चालत, साबण आहे तो 😅

बरं, सगळं वाचून परत लिहिलं. फोटोपण आज सकाळी परत काढला, पाचव्या आठवड्याची वडी, तीनऐवजी एकच, कारण तीन दिसल्या की तीनचा सेट वाटतो हे आत्याने सांगितलं. वाटी काढली, मुळीचे तुकडे ठेवले. काड्यांची जुडी ठेवलीये कारण प्रत्येक वडीला दोऱ्याने एक काडी बाहेरून बांधून देणार आहे, बाहेर असल्यामुळे ती जांभळीच राहते. आता वाचा:

«रंग रतनजोतीच्या मुळीचा, वास लव्हेंडरचा. कपाटात कापूर घालून ठेवलेल्या साडीचा वास आठवतो? त्याच्या जवळपास, पण गोड. कोरड्या वडीला मंद येतो, ओली केली की खुलतो, रात्रीच्या आंघोळीला छान.
वडीवरचे तपकिरी ठिपके म्हणजे लव्हेंडरच्याच कळ्या. साबणात त्या जांभळ्या राहत नाहीत, म्हणून एक काडी बाहेरून बांधली आहे.
खोबरेल, एरंडेल, राइस ब्रान, रतनजोत, लव्हेंडर तेल. कॉस्टिकने केलेला, पाच आठवडे वाळवलेला. दूध नाही.
नाजूक त्वचा असेल तर आधी कोपराच्या आत लावून बघा. फोटोत एक वडी आहे, किंमत एका वडीची, ९५ ग्रॅम. पहिल्या खेपेत २४.»

कढई_आणि_क्षार:
छान. 'कॉस्टिकने केलेला' लिहायला हिंमत लागते, मी अजून लिहीत नाही. थोडे लोक दचकतील हे धरून चाल. 'दूध नाही' आता काढलंस तरी चालेल, वाटीच नाहीये फोटोत.

ओळ_न_ओळ:
पहिली ओळ झकास, तेवढीच दिसली तरी काम होतं. तपकिरी ठिपक्यांचं मी खाली ढकललं असतं, कमतरता दुसऱ्याच परिच्छेदात कशाला सांगायची.

कढई_आणि_क्षार:
फोटोत सगळ्यात आधी डोळा तिथेच जातो म्हणून. उत्तर प्रश्नाच्या जवळ हवं.

ओळ_न_ओळ:
हम्म. मला पटलेलं नाही, पण साबण तिचा आहे.

मांजलपूरची_मेघना:
ताई गुजराती ओळ टाका ना एक तरी, माझ्या सोसायटीत निम्म्या बायकांना मराठी वाचता येत नाही, आणि घेणाऱ्या त्याच जास्त आहेत. कपाटातल्या साडीचं गुजरातीतपण तेवढंच लागू पडेल, कापूर त्यांच्याकडेपण ठेवतात. आणि किंमत कॅप्शनमध्येच लिहा हो, 'मेसेज करा' वाचलं की मी पुढे जाते.

सूरसागर_काठची:
गुजराती मी बोलते फाडफाड पण लिहिताना जोडाक्षरात अडकते, तू तपासून देशील का, उद्या पाठवते. किंमत लिहायला भीती वाटते कारण लव्हेंडरचं तेल महाग, वडी कॉफीवालीपेक्षा बरीच वर जातेय. अजून ठरलं नाहीये.

फोटोवाला_ग्वाल्हेर:
फोटो पाहिला, रंग आता खरा वाटतोय. वाटी काढल्यामुळे डावा कोपरा उघडा पडलाय तेवढं बघा, तिथे वडीचा एखादा कापलेला तुकडा ठेवला तर आतला रंगपण दिसेल, आतून जास्त जांभळी असते ना?

सूरसागर_काठची:
हो, आतून चांगलीच जांभळी आहे! एका वडीची कड पॅक करताना तुटली होती, तीच मधोमध कापून ठेवते. म्हणजे आता २४ नाही, २३ लिहायला हवं.